खांदमळणीचं आवतन

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, मीही तुम्हाला ओळखत नाही — म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतं. बघू.

मी मूळचा वांकिडीकडचा. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे काय — नापास झालो आणि परत गेलो नाही. पोटासाठी फिरत फिरत, गाड्या बदलत बदलत, आदिलाबाद जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला मुधोळला आलो. जिल्हा एकच, पण तेव्हा मला ते परदेशच वाटायचं. माणसं मराठीच बोलायची, तरी माझ्या बोलण्याला हसायची. "ए वांकिडी, काय करून राह्यला?" अशी माझीच नक्कल मला ऐकवायची.

मुधोळजवळच्या एका खेड्यात नागोरावभाऊंनी मला त्यांच्या घराला लागून असलेली खोली दिली. भाऊ माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. थोडी कापूस-ज्वारीची शेती, घरात त्यांची आई — तिला सगळं गावच माय म्हणायचं — बायको सुमनवहिनी आणि लहानगी रेणू. खोलीत आलो त्याच पावसाळ्यात मला हिवताप भरला. वहिनीनं मला पेज पाजली, मायनं कपाळावर ओल्या चिंध्या ठेवल्या. बरा झालो तेव्हा भाऊ मला मुधोळात भोजन्नाच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेले आणि म्हणाले, "अन्ना, हा पोरगा शिकलेला नाही, पण लिहितो मोत्यासारखं. ठेवून घे."

म्हणजे छप्पर त्यांचं, काम त्यांच्यामुळे, जीवही बहुतेक त्यांच्यामुळेच. हे आधी सांगतोय, कारण पुढचं ऐकताना तुमच्या लक्षात राहायला हवं. माझ्या तर रोज लक्षात होतं. उपकाराची भीती वाटते हे तुम्हाला माहीत आहे? उपकार करणारा कधी काही मागत नाही, आणि म्हणूनच रोज वाटत राहतं की आपल्या हातून काही चुकलं, तर हे सगळं एका दिवसात जाईल.

ही नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. आमच्या भागातली कितीतरी माणसं तेव्हा आखातात गेली. पुढं नागोरावभाऊही गेले. त्या सुमाराला भोजन्नानं खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा आणला. लग्नं तर होतीच, पण नवा धंदा निघाला सणाच्या क्यासेटींचा. घरच्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून सणाच्या शुभेच्छा द्यायच्या आणि सुटी संपवून परत निघालेल्या माणसाबरोबर ती क्यासेट तिकडं पाठवायची. तिकडं कॅम्पमध्ये एका खोलीत टीव्ही आणि व्हीसीआर असायचा. शुक्रवारी सगळे जमायचे आणि आलेल्या सगळ्या क्यासेटी सगळे मिळून बघायचे. एकाची आई म्हणजे सगळ्यांची आई. त्याआधी तिथल्या विमानतळावरही क्यासेट तपासायला ठेवून घेत. म्हणजे बायको नवऱ्याशी बोलली, तरी तिचं बोलणं पहिल्यांदा ऐकणारा नवरा नसायचाच.

अन्नानं सुरुवातीला एक छापील मजकूर ठेवला होता. 'पोळ्याच्या मंगल प्रसंगी आपणांस हार्दिक शुभेच्छा, आम्ही सर्व येथे कुशल आहोत.' पाहुण्याला समोर ठेवून भाषण करावं तसा. बायाबापड्या तो वाचायच्या, नाहीतर पाठ करून म्हणायच्या. डोळे कागदावर डावीकडून उजवीकडे सरकताना दिसायचे. फोटोला उभं राहावं तसे सगळे ताठ. एका म्हाताऱ्यानं आपल्या मुलाला 'आपणांस' म्हटलं, आणि मग स्वतःच कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "हे म्या नाही म्हणलं बरं बाळू, हे यानं लिहून देलं."

ते मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात आलं की त्या म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य हेच खरं पत्र. मी अन्नाला म्हणालो, मला एक दिवस आधी घरी जाऊ द्या. तो आपल्या तेलुगूत "सरे" म्हणाला, म्हणजे ठीक आहे, जा.

मग मला ते काम जमत गेलं. खोटं कशाला बोलू — मला अभिमान होता त्याचा. आदल्या दिवशी जायचं, ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारत राहायचं. तो निघाला त्या दिवशी शेवटी कशाला हात लावून गेला? फोनवर सगळ्यात आधी काय विचारतो? तो गेल्यापासून घरात काय बदललं, जे त्याला सांगायचं कुणाला सुचलंच नाही? "सगळं बरं हाये" असं म्हणाले की मी मान हलवायचो आणि थांबायचो. माणसाला गप्प बसू दिलं की तो खरं बोलतो. एका घरात असं कळलं की मुलगा निघाला तेव्हा अर्धवट सोडलेली बाज अजून तशीच आहे, विणायला कुणी धजत नाही. मग आईनं फारसं काही बोलायचंच नाही असं ठरलं. ती त्या अर्धवट बाजेवर हात ठेवून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "ही तुह्याच हाताची वाट पाहून राह्यली." तो कॅम्पमध्ये रडला म्हणे.

माझे नियम ठरत गेले. आधी हाक — घरात जी मारतात तीच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बायका अडायच्या. तेव्हा लेकरानं 'बाबा' म्हणायचं आणि बायकोनं तिथून पुढं. एका माणसानं एकच गोष्ट सांगायची, तीही डोळ्यांना दिसणारी. 'कधी येता' हे विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर त्याच्या हातात नसतं. ज्याला तिथून काही करता येत नाही ती वाईट बातमी द्यायची नाही. शुभेच्छा शेवटी आणि थोडक्यात. बोलून झालं की थांबायचं, मागं वळून 'झालं का?' विचारायचं नाही. कागद समोर धरायचा नाही. दोन-तीनदा बोलून घ्यायचं आणि कागद खिशात घालायचा. मी तिकडं गेलेल्या माणसाचा फोटो कॅमेऱ्याच्या भिंगाखाली दोऱ्यानं बांधायचो. मग नजर आपोआप तिथं जायची आणि तिकडं बघणाऱ्याला वाटायचं, माझ्याचकडे बघते आहे. जोडकाम करायला आमच्याकडे काही नव्हतं. म्हणून ज्या क्रमानं दाखवायचं त्याच क्रमानं घ्यायचं, चुकलं तर टेप मागं घेऊन त्यावरच पुन्हा. सुरुवातीला थोडं कोरं सोडायचं, नाहीतर पहिली हाकच कापली जायची. वारा असला की माइकात घोंघावायचा, म्हणून भिंतीच्या आडोशाला. आणि बॅटरी! बॅटरी संपत आली की उरलेलं सगळं एका दमात उरकावं लागायचं.

हे सगळं तुम्हाला एवढं का सांगतोय? कारण मी चांगला होतो हे तुम्हाला कळावं. चांगला नसतो, तर हे झालंच नसतं.

भाऊ आखातात गेले त्या वर्षी पोळ्यासाठी बऱ्याच घरांनी सांगितलं होतं. क्यासेट सणाला तिकडं पोचायची, तर चित्रण सणाच्या आधीच व्हायला हवं. अन्ना म्हणाला, मग बैलं आधीच सजवा. माय खवळली. "पोळ्याच्या आधी झूल घालतेत का कोणी? बैलाले काय लग्नाची पोरगी समजलास, की पाहाले आले की दाखवायची?" मग मी तोड काढली. बैल उघडेच दाखवायचे. शिंगांजवळ रंगाचा डबा ठेवायचा आणि रेणूनं म्हणायचं, "बाबा, पवळ्याची शिंगं अजून रंगवली नाहीत. तुमी हे पाहसान तवा रंगवलेली असतील." अन्ना खूश. मी तर हवेतच.

रेणूचं ठरलं, मायचं ठरलं. राहिलं वहिनीचं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. माय शेजारी सुपात ज्वारी निवडत बसलेली. हे लक्षात ठेवा — माय शेजारी बसलेली होती. मी नेहमीसारखं विचारलं, पोळ्याला भाऊ असताना काय व्हायचं, जे आता होत नाही?

वहिनी हसली. मग भाकरी तव्यावर टाकून हळूच सांगू लागली.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळण असते. जू ओढून ओढून बैलांचे खांदे राठ झालेले असतात. त्यावर तूप-हळद चोळायची आणि त्यांना आवतन द्यायचं — 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' तर एका वर्षी ऐन डवरणीत, पिकाच्या ओळींतलं तण काढायच्या घाईत, त्यांच्या जोडीतला एक बैल गेला. दुसरा आणायला वेळ नव्हता. भाऊंनी पवळ्याच्या जोडीला जुवाची रिकामी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि डवरा ओढला. खांदा सोलून निघाला, पण कुणाला दाखवला नाही. खांदमळणीच्या संध्याकाळी त्यांनी पवळ्याचा खांदा चोळला आणि वाटी वहिनीकडे दिली. वहिनीनं त्यांना दारातच खाली बसवलं. वाटीतलं उरलेलं तूप-हळद त्यांच्या खांद्यावर चोळलं आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि भाऊंनी काय करावं? पवळ्यासारखी मान हलवली! तेव्हापासून नवा बैल आला, खांदा बरा झाला, तरी दर वर्षी ते तसंच. ती वाटी घेऊन उभी राहणार, ते खाली बसणार, ती चोळणार, ते मान हलवणार. एक शब्द जास्त नाही. तोवर त्या संध्याकाळी मी नेहमी स्टुडिओतच असायचो, मला यातलं काही माहीत नव्हतं.

माय सुपाआडून खिदळली. "याच्या बापाले म्या कधी असं केलं नाही बाई!"

मी लिहून घेतलं. काय सांगू तुम्हाला, असं वाक्य मला कधी मिळालं नव्हतं. 'या वर्षी एक खांदा मळायचा राह्यला.' मी ते वहिनीला वाचून दाखवलं. ती तव्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नको. हे खोडा."

"काऊन वहिनी? हेच तर सगळ्यात..."

"तिथं सारी खोली पाहाते म्हणतेत. ते आमचं हाये. खोडा."

मी खोडलं, तिच्या समोरच. दुसऱ्या दिवशी ती कॅमेऱ्यापुढं आली आणि पवळ्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवून म्हणाली, "पवळ्या बरा हाये. आमी बरे हावो. सण करा." बस. पण हात खांद्यावर होता. भाऊंना कळलं असणार. तीच खरी लिहिणारी होती, हे मला आज कळतं.

त्याच दिवशी शेजारच्या गावातल्या शेवंताचं चित्रण होतं. दोन्ही गावांच्या बायका धुण्याला एकाच तळ्यावर यायच्या. तिचा नवरा गंगाराम नागोरावभाऊंच्याच कॅम्पात होता. तिच्याकडे मी आदल्या दिवशी जाऊ शकलो नव्हतो. शेवंता लाजाळू. विचारलं की पदर तोंडाशी धरायची. "काय सांगू? बरं हाये म्हणा." ऊन उतरत चाललं होतं. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला होता. आखाताला परत जाणारा माणूस सकाळच्या गाडीनं निघणार होता. अन्ना कॅमेऱ्यामागून माझ्याकडं बघत होता. माझं काम होतं ते. मला कधीच काही सुचलं नाही असं झालं नव्हतं.

आणि ते वाक्य माझ्याजवळ पडून होतं.

मी काय विचार केला, तेवढं तरी खरं सांगतो. मी विचार केला की वहिनीच्या क्यासेटीत ते नाही. म्हणजे दोनदा ऐकू येणार नाही. म्हणजे कळणार नाही. एवढाच हिशेब. ज्याचा तो खांदा, तो माणूस त्याच खोलीत बसून ऐकणार आहे, हे मला माहीत होतं. मी स्वतः त्या दोन्ही क्यासेटी एकाच पिशवीत घालणार होतो. पण मला फक्त माझं वाक्य वाया जाताना दिसत होतं.

मी शेवंताला ते सांगितलं. ती हसत सुटली, पण तिला आवडलं. आणि म्हटलंही तिनं किती गोड — "खांदमळण आली. तुमचा खांदा मळायचा राह्यला. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पदर तोंडात, डोळे फोटोवर. तेवढ्यात बॅटरी गेली. अन्ना कॅमेरा खाली ठेवत म्हणाला, "एम् चेप्पिंदी!" — काय बोलली! — आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते. चांगली लागली होती.

कॅम्पमध्ये काय झालं ते मला पुढं सुटीवर आलेल्यांकडून कळलं. गंगारामची क्यासेट लोकांनी पुन्हा पुन्हा लावायला लावली. जेवायला बसताना एकमेकांना "आवतन घ्या" म्हणून चिडवू लागले. गंगारामला मुळात असलं काही आठवतच नव्हतं, पण बायको एवढी रसिक निघाली म्हणून तो फुगून फिरत होता. नागोरावभाऊ त्या शुक्रवारी क्यासेट संपायच्या आधीच उठून बाहेर गेले.

मग फोन आला. स्टुडिओला लागून एसटीडीचं दुकान होतं. तिथल्या पोरानं हाक मारली. मी धावत गेलो. भाऊंचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा. आधी त्यांनी माझीच तब्येत विचारली. मग म्हणाले, "तुह्यावर माहा भरोसा हाये, म्हणून तुलेच इचारतो. ते खांद्याचं शेवंताच्या तोंडी कसं आलं?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"सुमन बाहेर बोलली का? तळ्यावर, बायकाईत?"

पाहा, त्यांनीच वाट करून दिली होती. मला नवं काही रचायचंही नव्हतं. मी म्हणालो, "बोलली असंन."

दोन शब्द. मग म्हणाले, "ठीक हाये. तू तब्येत सांभाळ." आणि फोन ठेवला.

पुढच्या फोनला त्यांनी वहिनीला बोलावलं. मीच गावातून तिला घेऊन आलो. ती काचेच्या खोलीत पाठमोरी उभी होती. बाहेर आली तेव्हा चेहरा असा, जसं कुणी भर बाजारात हाक मारून नावं ठेवली. "म्हणले, घरातलं तळ्यावर नेलंस. आता कॅमेऱ्यापुढं उभी राहू नको." एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं. "ते तर म्या तुमाले सांगतलं होतं. खोडा म्हणलं होतं."

मी जमिनीकडे बघत म्हणालो, "चुकून गेलं वहिनी."

ती ओरडली नाही. मला आजही वाटतं, ओरडायला हवं होतं. म्हणाली, "माहं आयकून घेत नाहीत. तुमचं आयकतीन. तुमी एकडाव सांगा त्यायले."

"सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. फोन येत होते, मी उचलत होतो. दर वेळी तोंडापर्यंत यायचं आणि मी रेणूच्या शाळेबद्दल बोलायचो, कापसाबद्दल बोलायचो. वहिनी विचारायची, सांगतलं का? मी म्हणायचो, लाइन लागली नाही. म्हणायचो, घाईत होते. तिला लिहिता येत नव्हतं, तिची पत्रंही मीच लिहायचो. म्हणजे तिच्याकडून त्यांच्याकडे जाणारी एकच वाट होती आणि त्या वाटेवर मी बसलेलो होतो.

शेवटी एक दिवस ती भांडी घासता घासता नुसती माझ्याकडे बघत राहिली. विचारलंही नाही. मला ते सहन झालं नाही आणि मी म्हणालो, "सांगितलं वहिनी. सगळं सांगितलं. माझीच चूक होती म्हणून."

तिच्या हातातलं भांडं थांबलं. "काय म्हणले?"

काय म्हणाले असते ते? मी इतक्या घरांत बसून इतक्या माणसांची बोलणी लिहिली होती. कोण कसं बोलेल हे मला कळायचं. नागोरावभाऊ कसे बोलले असते ते मला माहीत होतं. त्यांनी मला शिव्या देऊन मग तिला फोनवर बोलावून घेतलं असतं. पण तसं म्हणालो, तर ती फोनची वाट बघेल. म्हणून मी त्यांच्यासाठी एक वेगळं वाक्य लिहिलं. एकाच शब्दाचं.

"'बरं' म्हणाले."

"बस?"

"बस."

ती पुन्हा घासायला लागली.

मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होतो की मी तिच्याच भल्यासाठी गप्प बसलो. एकट्या बाईनं घरातल्या भाडेकरू पोराला नवऱ्याच्या खांद्याबद्दल सांगितलं, हे कळलं असतं तर आणखी वाईट झालं नसतं का? तिच्या नावाला काळं लागलं नसतं का? किती सोयीचं होतं ते! रात्री झोप यायची त्यानं. पण माय शेजारी बसलेली होती ना. सुपात ज्वारी निवडत. हसली होती. तिच्यादेखत सगळं झालं होतं. खरं सांगितलं असतं तर वहिनीच्या केसालाही धक्का लागला नसता. खोली माझी गेली असती. काम माझं गेलं असतं. भरोसा माझ्यावरचा गेला असता. आणि मायला तरी कोण विचारणार होतं? मुलगा आईला असलं विचारत नाही, आणि सून सासूला नवऱ्याचा राग सांगत नाही. हेही मला माहीत होतं. त्याच भरवशावर मी होतो.

दुसऱ्या वर्षी भाऊ सुटीवर आले, नेमके पोळ्याला. माझ्यासाठी शर्टाचं कापड आणलं होतं. खांदमळणीच्या संध्याकाळी मी माझ्या दारात बसलो होतो. भाऊंनी दोन्ही बैलांचे खांदे मळले, आवतन दिलं. वाटी खाली ठेवली. वहिनी दारात उभी होती. नुसती उभी राहिली, नेहमी जिथं उभी राहायची तिथं. तिच्या लेखी त्यांना सगळं माहीत होतं. तरी ते येतात का, बसतात का, हे ती बघत होती. त्यांच्या लेखी ती घरातलं बाहेर नेणारी होती, आणि वर आता काहीच झालं नाही अशी उभी होती.

भाऊ रांजणाजवळ गेले, हात धुतले, तिच्या बाजूनं आत गेले आणि म्हणाले, "माय, वाढ."

वहिनीनं वाटी उचलली. त्यात अजून तूप-हळद होतं. ते टाकायचं कुठं हे तिला कळेना, असं दिसलं. मग भिंतीशी टेकवून ठेवलेल्या जुवावर तिनं ते चोळलं, लाकडाला, दोन्ही बाजूंनी सारखं. बराच वेळ.

मी तेव्हाही उठलो नाही. दहा पावलांवर होतो.

त्यांचा संसार मोडला नाही. तसं काही झालं नाही. भाऊ परत गेले, पुन्हा आले, कायमचे आले. शेती केली, रेणूचं लग्न केलं. भांडले नाहीत. फक्त त्या घरात खांदमळणीच्या संध्याकाळी पुन्हा कुणी कुणापुढं बसलं नाही. मी लवकरच आदिलाबादला आलो. आता माझं स्वतःचं फोटोचं छोटं दुकान आहे. रेणूच्या लग्नात भाऊंनी मला मांडवात बोलावून टॉवेल-टोपी दिली. म्हणाले, घरचा माणूस. मी घेतली.

नागोरावभाऊ गेले त्याला फार दिवस झाले नाहीत. मी भेटायला गेलो. माय कधीच गेलेली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. लोक उठून गेल्यावर म्हणाली, "तुमी सांगूनबी त्यायचं मन पालटलं नाही. जलमभर नाही पालटलं. पण तुमी सांगतलं तरी. तेवढे तुमचे उपकार."

तिनं मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मी जेवलो. परत आलो.

इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी लिहिलं. हे माझं, वहिनीला पाठवायचं. नियम तेच. आधी हाक. एकच गोष्ट. शुभेच्छा द्यायचा माझा अधिकार नाही, म्हणून त्या नाहीत. तिला वाचता येत नाही. रेणूला येतं. रेणू वाचेल.

वहिनी, मी त्यांना सांगितलंच नव्हतं. ते 'बरं' माझं होतं. भाऊंना शेवटपर्यंत काही माहीत नव्हतं.